एडीएफमधून झेरॉक्स काढली की काळी रेघ, काचेवरून काढली की साफ. काच आणि प्रिंटरचं पोट कसं पुसायचं?

बोरीकाठ (अमळनेर)
ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. यंत्र काळं-पांढरं लेझर, वर स्कॅनर आणि एडीएफ, म्हणजे कागदाचा गठ्ठा आपोआप ओढून घेणारा भाग. दोन तक्रारी आहेत.
एक, एडीएफमध्ये कागद टाकून झेरॉक्स काढली की उजव्या कडेपासून साधारण ३ सेंमीवर वरपासून खालपर्यंत बारीक काळी रेघ येते. तोच कागद काचेवर ठेवला तर रेघ नाही. काच दोनदा लख्ख पुसली, फरक शून्य.
दोन, मागच्या आठवड्यात कार्ट्रिज रिफिल करून आणली. तेव्हापासून कागदाच्या मागच्या बाजूला काळपट डाग पडतात आणि कार्ट्रिजच्या खाचेत काळी पूड दिसते. आत काय पुसायचं आणि कशाला हात लावायचा नाही, कोणी नीट सांगेल का?

भरीत_भाकरी (भुसावळ)
सोपं आहे भाऊ. काचेवर सॅनिटायझर मारा, त्यात अल्कोहोलच असतं. आतली पूड ब्लोअरनं उडवा, दोन मिनिटांत चकाचक. सगळे मेकॅनिक हेच करतात.

सातपुडा_पायथा (यावल)
मेनूत जाऊन हेड क्लीनिंग दोन-तीन वेळा चालवा. नोझल चोंदलं की रेघा येतातच. तरीही आल्या तर रात्रभर हेड ओल्या टिश्यूवर ठेवायचं.

पांझरा_धुळे
सातपुडाभाऊ, ते शाईच्या प्रिंटरचं झालं. लेझरला हेड नसतं आणि नोझलही नसतं. यांचं यंत्र टोनरचं आहे, ओलं टिश्यू त्याच्या जवळही नेऊ नका.

बोरीकाठ, तुम्ही काच पुसली खरी, पण ती दुसरीच. झाकण उघडा. मोठ्या काचेच्या डावीकडे बोटभर रुंदीची एक लांबट पट्टी दिसेल, तीही काचेचीच. एडीएफमधून कागद जातो तेव्हा सेन्सर त्या पट्टीखाली थांबलेला असतो आणि कागद वरून सरकतो. पट्टीवर मोहरीएवढा ठिपका असला तरी कागदाची प्रत्येक ओळ त्याच ठिपक्यावरून जाते, म्हणून ठिपक्याची रेघ होते. मोठ्या काचेवर उलटं असतं. कागद थांबलेला आणि सेन्सर फिरता, त्यामुळे तिथला ठिपका ठिपकाच उमटतो. काचेवरून साफ आणि एडीएफमधून रेघ, एवढ्यावरूनच दोष पट्टीवर आहे हे कळतं.

तरी एक खात्री आधी करा. मेनूतून प्रिंटरचं स्वतःचं पान छापा, बहुतेक यंत्रांत `Configuration Report` किंवा `Printer Settings` अशा काहीतरी नावानं असतं. हे पान स्कॅनरमधून जात नाही. त्यावरही रेघ असेल तर दोष खाली छपाईच्या भागात, वरची काच कितीही घासा.

बोरीकाठ (अमळनेर)
पान छापलं. रेघ नाही, पण मागे डाग आहेतच. पट्टीही सापडली. डोळ्यांना तर साफच दिसते हो.

पांझरा_धुळे
सरळ वरून बघितलं तर दिसत नाही. मोबाइलची बॅटरी लावा आणि प्रकाश पट्टीवर आडवा पडू द्या, तिरका. आता कुठे बघायचं ते ठरवू. एक कोरा कागद एडीएफमधून १०० टक्के आकारात झेरॉक्स करा आणि रेघ कडेपासून किती मिलिमीटरवर आहे ते मोजपट्टीनं मोजा. कागद पट्टीच्या ज्या भागावरून जातो त्याच्या दोन्ही टोकांपासून तेवढंच अंतर धरा. कुठलं टोक उजवं आणि कुठलं डावं यात डोकं घालू नका, दोन्ही जागा बघा. एकीवर ठिपका असेलच.

तुमच्या धंद्यात तो बहुतेक व्हाइटनर असणार. नाहीतर फोटो चिकटवलेल्या फॉर्मचा गोंद. ओला व्हाइटनर लावलेला कागद एडीएफमध्ये गेला की पहिला घास त्या पट्टीलाच मिळतो.

बोरीकाठ (अमळनेर)
दिसला! कडेपासून ३१ मिमी, राखाडी-पांढरा, तिळाच्या निम्म्याएवढा. नख लावलं तर खडबडीत लागतो. ब्लेडनं काढू?

पांझरा_धुळे
ब्लेड नको. काही यंत्रांत त्या पट्टीच्या कडेला किंवा वर पातळ प्लास्टिकची फीत असते. ब्लेड तिच्यात घुसलं की कागद तिथं अडकायला लागतो, आणि काचेवर ओरखडा पडला तर तो ठिपका कायमचा झाला.

असं करा. प्रिंटर बंद करा आणि वायर काढा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए मिळतं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्के लिहिलेलं घ्या. चष्मा पुसायचं मायक्रोफायबर कापड दोन बोटांवर घट्ट घ्या आणि त्यावर तीन-चार थेंब टाका. थेंब काचेवर टाकायचे नाहीत, कापडावरच. काचेच्या कडेतून ओल आत झिरपली तर खालच्या बाजूला डाग बसतो आणि मग काचेची चौकट खोलल्याशिवाय तो निघत नाही. ओलं कापड ठिपक्यावर २० ते ३० सेकंद नुसतं दाबून ठेवा, व्हाइटनर मऊ पडू द्या. मग पट्टीच्या लांबीनं पुसा. गोल-गोल घासू नका. उरलंच तर जुन्या एटीएम कार्डाची कडा अगदी आडवी धरून हलकेच ढकला. शेवटी कोरड्या भागानं एकदा पुसा.

मग मान वाकवून झाकणाच्या खालच्या बाजूला बघा. पट्टीच्या बरोबर वर पांढरी प्लास्टिकची पट्टी किंवा रोलर असेल. तिलाही शाई-गोंद लागलेला असतो. ती तशीच ठेवली तर चार दिवसांत घाण पुन्हा खाली येते.

आणि बंदिस्त खोलीत, उदबत्ती-समईजवळ आयपीए उघडू नका, ते भडकतं. पूर्ण वाळल्यावर, पाचेक मिनिटांनी वायर लावा.

भरीत_भाकरी (भुसावळ)
मग माझ्या सॅनिटायझरमध्ये काय वाईट? तेच अल्कोहोल ना.

पांझरा_धुळे
अल्कोहोल बरोबर, पण एकटं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात हात कोरडे पडू नयेत म्हणून १.४५ टक्के ग्लिसरॉल घातलेलं आहे. जेलवाल्यात तर घट्ट करणारं द्रव्यही असतं. अल्कोहोल उडून जातं आणि हे काचेवर थर धरून बसतं. त्यावर धूळ चिकटते, म्हणजे आज साफ आणि आठवड्यात दुप्पट घाण. खिडकीच्या काचेचा अमोनियावाला फवाराही नको, प्लास्टिकला चालत नाही. थिनर आणि ॲसिटोन तर प्लास्टिक पांढरं करून टाकतात.

शिरपूर_पट्टा
आमच्याकडे दुकान जिनिंगच्या रस्त्याला आहे. कापसाच्या हंगामात काच सकाळी पुसली तरी दुपारी केस पडल्यासारखं दिसतं. आयपीए रोज वापरलं तर चालेल का?

मेहरूण_काठ (जळगाव)
रोज ओलं करूच नका ताई. कापसाचा तंतू सुका असतो, तो सुक्या मायक्रोफायबरनं किंवा मऊ ब्रशनं निघतो. ओल्या कापडानं तो काचेवर लिंपला जातो. आयपीए चिकट गोष्टीसाठी ठेवा. आणि जुनं धोतर, साडी, गंजी यांनी काच पुसत असाल तर अर्धे केस त्याचेच असतात. एडीएफवर रात्री कापड झाका, तोंड त्याचंच उघडं असतं.

शिरपूर_पट्टा
भाऊ नाही दादा नाही, थेट ताई ओळखलंत! हो, जुनी साडीच वापरते. बंद.

बोरीकाठ (अमळनेर)
पहिली रेघ गेली. २५ सेकंद धरलं, पुसलं, पापुद्रा कार्डावर आला. आता कोऱ्या कागदाची झेरॉक्स कोरीच येते. वरच्या पांढऱ्या पट्टीवर निळी शाई होती, शिक्क्याची असावी, तीही पुसली.
आता पोटाचं सांगा.

पांझरा_धुळे
आधी एक सांगतो, मग पायऱ्या. रिफिलनंतरच सुरू झालं म्हणालात. म्हणजे पूड कुठून येते ते बघितल्याशिवाय पुसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

कार्ट्रिजमध्ये दोन कप्पे असतात. एकात ताजा टोनर. दुसऱ्यात ड्रमवरून खरवडून निघालेला वापरलेला टोनर साठतो. रिफिल करणाऱ्यानं ताजा भरला आणि वापरलेला काढलाच नाही तर तो कप्पा भरून ड्रमच्या कडेनं सांडतो. ड्रम खरवडणारी रबरी पाती झिजली किंवा तिरकी बसली तरी तेच होतं.

आता काम. प्रिंटर बंद, वायर भिंतीतून बाहेर, मागचं-पुढचं दार उघडं आणि अर्धा तास थांबा. कागदावर टोनर पक्का करणारा फ्युजर १८० ते २०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. मे महिन्यात आपल्याकडे खोलीच ४२ असते, तेव्हा पाऊण तास द्या.

कार्ट्रिज दोन्ही बाजूंनी धरून सरळ ओढा. खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवा आणि लगेच जाड काळं कापड टाका. तो हिरवा-निळा चकचकीत नळा म्हणजे ड्रम. उजेड बसला तर छपाई काळवंडते, बोट लागलं तर त्याचा ठसा दर फेरीला कागदावर उमटतो. ड्रमवर आयपीए मुळीच नको.

कापडाखाली ठेवण्याआधी कार्ट्रिज वर्तमानपत्रावर हळूच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलवून बघा. झटकायचं नाही. नुसतं कलवल्यावर ड्रमच्या बाजूनं पूड पडली तर कार्ट्रिज गळतंय. ते ज्यानं भरलं त्याला परत करा.

बोरीकाठ (अमळनेर)
कलवलं. ड्रमच्या एका टोकाकडून चिमूटभर पूड पडली. दुकानदार म्हणतो "एवढं चालतंच". वापरलेला टोनर काढला होता का विचारलं तर विषय बदलला.

पांझरा_धुळे
चिमूटभर म्हणजे गळतंयच. कप्पा रिकामा करून पाती बघायला लावा, नाहीतर दुसरं कार्ट्रिज घ्या. तोवर पोट पुसून घ्या.

मायक्रोफायबर कापड, यावेळी कोरडं. तोंडाला मास्क. पंखा आणि कूलर बंद. खाचेच्या आतल्या बाजूकडून बाहेर एकदाच ओढायचं, मग घडी बदलायची. पुढे-मागे केलंत तर उचललेली पूड परत पसरते. प्लास्टिकच्या भिंतींवर धूसर थर राहिला तर कापड पाण्यानं नुसतं दमट करा, पिळल्यावर थेंब पडता कामा नये. पाणी थंडच हवं. टोनर म्हणजे मुळात प्लास्टिकची पूड आहे, गरम पाण्यानं मऊ होऊन चिकटते. कपड्यांना लागला तरी आधी झटका, मग थंड पाणी.

खाचेच्या तळाशी आडवा काळा, स्पंजसारखा रोलर दिसेल. तो ट्रान्सफर रोलर. त्याला बोट नाही, कापड नाही, ओल तर नाहीच. हाताचं तेल लागलं की तेवढ्या जागी छपाई फिकी पडते. तुमच्या कागदाच्या मागचे डाग त्याच रोलरवरून येतायत, कारण कागदाची मागची बाजू त्याच्यावरून जाते. न गळणारं कार्ट्रिज बसवून १०-१५ कोरे कागद छापायला सोडा, तो आपली पूड कागदाला देऊन बराचसा साफ होतो. मेनूत `Cleaning Page` असेल तर तेही एकदा चालवा. त्यात कागद थांबत-थांबत सरकतो, दोन-तीन मिनिटं लागतात. अडकला समजून ओढू नका. ते मुख्यतः फ्युजरसाठी असतं.

वाघूर (जामनेर)
ट्रान्सफर रोलरबाबत पूर्ण सहमत नाही. फार सांडलं असेल तर रोलर खालच्या बाजूनं दोन्ही टोकांच्या क्लिपांतून उचलून बाहेर काढता येतो. मऊ कोरड्या ब्रशनं एका दिशेनं झाडला की साफ. पन्नास कागद वाया घालवण्यापेक्षा बरं.

पांझरा_धुळे
काही मॉडेलमध्ये निघतो, मान्य. पण क्लिप तुटली किंवा एका टोकाची स्प्रिंग उडाली की रोलर तिरका बसतो आणि पानाची एक बाजू फिकी येते. ज्यानं आधी कधी काढला नाही त्याला मी सांगणार नाही.

वाघूर (जामनेर)
सांडलेली पूड इतकी असेल की पन्नास कागदांनीही जात नसेल, तर? काढावाच लागेल ना. असो, तुमचं तुम्ही, माझं मी.

भरीत_भाकरी (भुसावळ)
आणि ब्लोअर? त्याचं कोणी बोललंच नाही. घरचा व्हॅक्युम तरी?

मेहरूण_काठ (जळगाव)
ब्लोअरनं पूड जात नाही, जागा बदलते. खाचेतली पूड उडून वर लेझरच्या खिडकीवर, फ्युजरमध्ये आणि पंख्याच्या पात्यांवर बसते. खिडकीवर बसली की तिथून प्रकाश ड्रमपर्यंत पोचत नाही आणि छापील पानावर उभी पांढरी रेघ येते. म्हणजे एक दोष काढायला गेलात आणि दुसरा घेऊन आलात. शिवाय तीच पूड तुमच्या छातीत.
घरच्या व्हॅक्युमचं तसंच. टोनरचा कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा, साध्या पिशवीतून आरपार मागनं बाहेर पडतो. टोनरसाठी बारीक फिल्टरचा वेगळा व्हॅक्युम मिळतो. तो नसेल तर कापडच.

भरीत_भाकरी (भुसावळ)
बरं, पोटात ब्लोअर नाही. पण बाहेरच्या जाळीवरची धूळ, यंत्र अंगणात नेऊन, कार्ट्रिज काढून, बाहेरच्या दिशेनं फुंकली तर? एवढं तरी द्या.

मेहरूण_काठ (जळगाव)
एवढं दिलं. दारं बंद ठेवून, आणि पंख्याची पाती काडीनं अडवून, गरगर फिरू देऊ नका.

नर्मदा_नंदुरबार
मना बी प्रिंटर असंच करस भो, पण माझ्या पानावर एका बाजूला जाड उभी काळी पट्टी आहे. छापील पानावरही येते आणि झेरॉक्सवरही. कालच ड्रम साफ केला म्हणून गडी सांगून गेला. ब्रदरचं यंत्र आहे.

पांझरा_धुळे
छापील पानावरही येते म्हणजे काच नाही. ब्रदरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ड्रम युनिटवर एक रंगीत खुंटी असते, बहुतेक हिरवी. ती डावी-उजवीकडे सरकवली की ड्रमला वीजभार देणारी आतली कोरोना वायर पुसली जाते. पुसून झाल्यावर खुंटी तिच्या मूळ जागी, बाणाच्या खुणेवर, परत न्यावीच लागते. मध्येच राहिली तर पानावर उभी काळी पट्टी येते. ड्रम युनिट काढून बघा, खुंटी कुठे आहे.

नर्मदा_नंदुरबार
खुंटी मधोमध होती! बाणावर आणली, पट्टी गेली. त्या गड्याला चहा पाजला होता वर.

बोरीकाठ (अमळनेर)
माझा हिशेब. दुसऱ्या ठिकाणाहून कार्ट्रिज घेतलं, पोट कोरड्या कापडानं पुसलं. चार घड्या काळ्या झाल्या, पाचवी जवळपास स्वच्छ निघाली. पहिल्या आठ कोऱ्या कागदांवर मागे डाग होते, फिके होत गेले, बाराव्यावर काही नाही. ट्रान्सफर रोलर काढला नाही, वाघूरभाऊ माफ करा.
पण एक नवीन दिसलं. पुढच्या बाजूला दर साडेसात सेंमीवर एक बारीक काळा ठिपका येतो.

पांझरा_धुळे
मोजपट्टीनं नीट मोजा. ७५ मिमीच्या आसपास असेल तर २४ मिमी व्यासाच्या ड्रमचा घेर तेवढाच येतो, आणि लहान यंत्रांत हा आकार फार दिसतो. म्हणजे नव्या कार्ट्रिजच्या ड्रमवर एक ओरखडा किंवा चिकटलेला कण. तो पुसून काढायचा प्रयत्न करू नका, कार्ट्रिज बदलून मागा, पुरावा म्हणून ते पान न्या.

शिरपूर_पट्टा
जाता जाता एक. मोठ्या काचेच्या खालच्या बाजूला धुकं धरल्यासारखा थर आहे, वरून कितीही पुसलं तरी जात नाही. काच खोलावी का?

वाघूर (जामनेर)
चार स्क्रू असतात, खोला. खालून एकदा पुसली की वर्षभर बघायला नको.

पांझरा_धुळे
स्क्रू चारच, पण वरची चौकट उचलताना पट्टीसारखी चपटी केबल ताणली जाते, आणि एडीएफ त्याच चौकटीला जोडलेलं असेल तर आणखी केबला. शिवाय काचेच्या एका कडेला खालून पांढरी पट्टी चिकटवलेली असते, सेन्सर दर वेळी तिच्यावरून पांढरा रंग ठरवतो. तिच्यावर बोटाचा डाग पडला की प्रत्येक स्कॅनमध्ये त्या जागी फिकी उभी रेघ. स्कॅन वाचता येत असेल तर धुकं राहू द्या.

शिरपूर_पट्टा
वाचता येतं, पण आधार कार्डावरचा फोटो फिका येतो, गिऱ्हाईक कटकट करतं.

वाघूर (जामनेर)
मग खोला. प्रत्येक केबल सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो, आणि त्या पांढऱ्या पट्टीपासून हात लांब.

पांझरा_धुळे
खोलणारच असाल तर निदान कूलर बंद करून खोला, पाण्याचा वारा आत गेला तर धुकं आठवड्यात परत धरेल. माझं मत मात्र तेच आहे.